१० गाई, एक रेघ: पेंड वाढवली तर दूध वाढंल का? (बाबा ऐकत नाहीत)

उदगीरचा_पोरगा

राम राम मंडळी. दिवाळीपासून गावाकडंच आहे, पुण्याची नोकरी सोडली ते कामून ते नंतर कधीतरी सांगतो. आमच्याकडं १० गाई आहेत, सगळ्या एचएफ संकर, गोठा बाबाच बघतात, मी आपलं धारा काढायला आणि डेअरीवर कॅन न्यायला. तर मी काय केलं, आठवडाभर प्रत्येक गाईचं दोन टाईमचं दूध मोजलं आणि तिच्या गव्हाणीत जेवढी गोळी पेंड पडते ती ताणकाट्यावर तोलली. दुधाची सरासरी काढली, ती जवळच्या लिटरला गोल करून देतो.

रोजचं दूध लिटरमध्ये: ४, ५, ६, ८, ९, १०, १२, १४, १५, १७
त्याच गाईंची पेंड किलोत: ३, ३.५, ४, ४.५, ५, ५.५, ६.५, ७, ७.५, ८.५

पेंड बी कॉलममध्ये, दूध सी कॉलममध्ये टाकलं आणि हे चालवलं:

```
=CORREL(B2:B11,C2:C11)
=SLOPE(C2:C11,B2:B11)
```

पहिलं म्हणजे कोरिलेशन, दोन्ही आकडे एका रेघेत पूर्ण जुळले तर १ येतं, त्याचं उत्तर ०.९९८ आलं. ०.९९८! कॉलेजात प्रॅक्टिकलला आकडे जुळवून लिहायचो तेव्हापण एवढं येत नव्हतं. ग्राफ काढला तर दहाच्या दहा ठिपके पट्टी लावल्यासारखे एका रेघेत. दुसऱ्याचं उत्तर २.४२, म्हणजे एक किलो पेंडीमागं जवळपास २.४ लिटर दूध. आता हिशोब बगा, पेंडीचं ५० किलोचं पोतं आम्हाला १६०० ला पडतं म्हणजे ३२ रुपये किलो, दुधाला ३४ मिळतात. प्रत्येक गाईला दीड किलो वाढवली तर १५ किलो पेंड, ४८० रुपये खर्च, आणि दूध वाढणार ३६ लिटर, १२२४ रुपये. दिवसाला ७४४ निव्वळ, महिन्याला २२ हजाराच्या वर.

बाबांना ग्राफ दाखवला तर म्हनले "असं नसतंय ते" आणि उठून गेले. नसतंय म्हणजे कसं नसतंय ते सांगत नाहीत. कोण बरोबर?

रोखठोक_परभणी

भाऊ तू बरोबर. आधीच्या पिढीला कागदावरचं काही दाखवलं की असंच. ०.९९८ ला शंका घ्यायची म्हणजे मग कशावरच विश्वास ठेवायचा नाही. उद्यापासून वाढव.

एक्सेलवाला_भाऊ

थांब थांब. फक्त १० ठिपके आहेत रे. १० वर काहीही जुळतं, योगायोग असू शकतो. अजून चार गोठ्यांचे आकडे घे, निदान शंभर गाई कर, मग बोल. कोरिलेशन म्हणजे कारण नाही हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

बीडचा_गोठेवाला

पेंड कोणती वापरायलात भाऊ? आमच्याकडं सरकी पेंड दिली की फॅट चढतं आणि गोळी पेंडीवर उतरतं असा अनुभव हाय. कंपनी सांगा की.

उदगीरचा_पोरगा

@बीडचा_गोठेवाला कंपनीचा विषय नाही दादा, नाव घेऊन भांडणं लागतात इथं. @एक्सेलवाला_भाऊ शंभर गाई कुठून आणू, पण शेजारच्या दोन गोठ्यांत बघू शकतो.

मांजराकाठ

शेजारी जाऊ नकोस, आधी तुझ्याच आकड्यांकडं नीट बघ. मी परभणीला बरीच वर्षं फील्ड ट्रायलचे आकडे तपासायचं काम केलं, त्यामुळं मला आधी ठिपके दिसत नाहीत, आकडे कोणी लिहिले आणि कसे पडले ते दिसतं.

पहिली गोष्ट, तुझी पेंड बघ. ३, ३.५, ४, ४.५. सगळे आकडे अर्ध्याच्या पटीत. तू ताणकाट्यावर तोललीस म्हणतोस, मग कुठं ३.२ नाही, ४.७ नाही, असं कसं? म्हणजे पेंड घालणारा माणूस अर्ध्या किलोच्या मापानं मोजून घालतोय. अंदाजे ओंजळीनं नाही.

दुसरी गोष्ट, तू दूध हे पेंडीवर अवलंबून धरलंस. उलटं धरून बघ. म्हणजे हे:

```
=SLOPE(B2:B11,C2:C11)
=INTERCEPT(B2:B11,C2:C11)
```

मी तुझेच आकडे टाकून काढलं, पहिलं ०.४१ येतं आणि दुसरं १.३८. आता हे वाचायचं कसं, तर तुमच्या गोठ्यात पेंड पडते ती साधारण १.४ किलो अधिक दर लिटरमागं ४१० ग्रॅम. आणि गाईला खुराक किती द्यायचा याचा जो नियम कुठल्याही दूध संघाचा सुपरवायझर सांगतो तो काय आहे? अंग धरून ठेवायला एक ते दीड किलो, आणि वर दर लिटर दुधाला ४०० ग्रॅम. म्हशीला थोडा जास्त धरतात, लिटरला अर्धा किलो.

दिसलं का? तुझं २.४ म्हणजे त्या ४०० ग्रॅमला उलटं टांगलंय एवढंच. एक भागिले ०.४ म्हणजे २.५. ती रेघ गाईच्या पोटात तयार झालेली नाही, ती पेंड घालणाऱ्याच्या हातात तयार झालीय. जाऊन बाबांना एवढंच विचार की कोणत्या गाईला किती घालायची हे ते कशावरून ठरवतात.

एक्सेलवाला_भाऊ

भारी. पण मी पण तेच म्हणत होतो ना की १० वर विश्वास ठेवू नको.

मांजराकाठ

नाही भाऊ, तुमचं निम्मं बरोबर आहे. कोरिलेशनवरून कारण सिद्ध होत नाही हे बरोबर, पण तुम्ही दिलेलं कारण चुकीचं आहे. हा योगायोग अजिबात नाही. १० ठिपके नुसत्या योगायोगानं ०.९९८ ला येणं म्हणजे लॉटरी लागण्यापेक्षा अवघड. इथं दूध आणि पेंडीचा संबंध अगदी खरा आणि पक्का आहे, फक्त बाण दुसऱ्या दिशेला आहे. आणि म्हणूनच शंभर गाई आणून काही होणार नाही. शंभर गोठ्यांत तोच ४०० ग्रॅमचा नियम चालत असेल तर हजार ठिपके पण त्याच रेघेवर बसतील, तुम्ही अजून खात्रीनं तेच चुकीचं बोलाल. जास्त आकड्यांनी धूळ कमी होते, दिशा कळत नाही.

उदगीरचा_पोरगा

विचारलं. शब्दाला शब्द लिहितो.

मी: बाबा, ढवळीला किती घालायची पेंड हे कसं ठरवता?
बाबा: दूध बघून.
मी: म्हणजे?
बाबा: म्हणजे दूध बघून. तीन डबडी तिची सोताची, मंग दुधावर.

डबडं म्हणजे जुना तुपाचा पत्र्याचा डबा, कड वाकलेली, तो मी रोज बघतो पण कधी तोलला नव्हता. आता तोलला. काठोकाठ भरला की बरोबर अर्धा किलो पेंड बसते. आणि "सोताची तीन डबडी" म्हणजे दीड किलो. वर पाच लिटरला चार डबडी असा त्यांचा हिशोब, म्हणजे लिटरला ४०० ग्रॅम. हे त्यांना पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोण्या शिबिरात सांगितलं होतं म्हणे, तेव्हापासून चालू.

अजून एक सापडलं. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध लिहितात, पेंड लिहीत नाहीत. पण ढवळीच्या रकान्यात मागच्या महिन्यात पेन्सिलनं "१३" खोडून "११" केलंय. विचारलं तर म्हनले ती बारा लिटरवरून दहावर उतरली म्हणून दोन डबडी कमी केली. तारखा बघितल्या, दूध उतरलं आधी, डबडी कमी झाली चार दिवसांनी. मला वाटत होतं उलटं असणार.

डोकं गरगरायलंय. म्हणजे मी जो ग्राफ काढला तो गाईंचा नाहीच, बाबांचाच.

मांजराकाठ

अगदी. ठिपके रेघेला जेवढे चिकटलेत तेवढा तुझ्या बापाचा हात सच्चा, एवढंच ०.९९८ सांगतं. बाबा जर आळशी असते आणि डबडं कधी अर्धं कधी भरून घालत असते तर तुझा आकडा ०.७ आला असता आणि तू हिशोब करायला घाबरला असतास. उलट त्या ढिसाळ गोठ्यातनं पेंडीचा खरा परिणाम काढायला जास्त सोपं गेलं असतं, कारण तिथं सारख्याच दुधाच्या दोन गाईंना वेगवेगळी पेंड पडलेली सापडली असती. तुमच्याकडं अशी एकही जोडी नाही. १० लिटरच्या गाईला साडेपाच सोडून दुसरं काही कधी मिळालंच नाही, मग साडेसहा दिली असती तर काय झालं असतं हे त्या कागदावर येणार कुठून?

मास्तर_अंबाजोगाई

हे वाचून मला आमच्या शाळेतला प्रकार आठवला, थोडं विषयांतर वाटेल पण नाही. दहावीच्या पोरांना आम्ही संध्याकाळी जादा तास घेतो. एका साहेबांनी तपासणीत विचारलं जादा तासांचा फायदा काय, म्हणून मी हौसेनं ग्राफ काढला, एका बाजूला जादा तास किती बसला, दुसऱ्या बाजूला सराव परीक्षेचे मार्क. निघालं काय, जो जेवढा जास्त बसला त्याला तेवढे कमी मार्क! रेघ खाली उतरत गेलेली. साहेब म्हणाले मग बंद करा की हे. मला पटेना पण उत्तर देता येईना, चहा पाजून वेळ मारून नेली.

आता कळलं, जादा तासाला बसवायचं कुणाला हे मीच चाचणीचे मार्क बघून ठरवत होतो. तुमच्या बाबांनी जास्त दूध देणारीला जास्त घातलं, मी कमी मार्कवाल्याला जास्त घातलं, एवढाच फरक.

रोखठोक_परभणी

हे सगळं ऐकायला गोड आहे पण अशा बोलण्यानं काहीही उडवून लावता येतं. उद्या कोणी म्हणेल सिगारेट ओढणाऱ्याला कॅन्सर होतो हे पण नुसतं कोरिलेशन, आधी कॅन्सर असतो म्हणून माणूस ओढतो. म्हणणार का तुम्ही असं?

मांजराकाठ

तुम्ही चेष्टेनं लिहिलंत पण हे खरंच कोणीतरी म्हणालं होतं आणि तो साधासुधा माणूस नव्हता. रोनाल्ड फिशर. शेतातल्या प्रयोगात कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं ही पद्धत त्यानंच इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रावर रुजवली, आम्ही परभणीला जे करायचो ते सगळं त्याचंच. तोच १९५७-५८ च्या सुमारास म्हणत होता की सिगारेटनं कॅन्सर होतो असं ठरवू नका, कदाचित रक्तातच असं काही असेल ज्यानं ओढायची सवयही लागते आणि कॅन्सरही होतो, किंवा फुप्फुसात रोग सुरू होताना जी खवखव असते तिला बरं वाटावं म्हणून माणूस ओढत असेल. स्वतः पाईप ओढायचा, तो भाग वेगळा.

शंका घेणं चूक नव्हतं, तपासल्यावरही धरून बसणं चूक होतं. डॉल आणि हिल या दोघांनी १९५१ ला ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवली, सुमारे ४०,००० जणांनी उत्तर दिलं, तेव्हा काय ओढता किती ओढता हे लिहून घेतलं आणि मग वर्षानुवर्षं कोण कशानं गेलं ते बघत बसले. म्हणजे ओढणं आधी नोंदलं, रोग नंतर आला. वर ज्यांनी सोडली त्यांचा धोका कमी होत गेला. "आधी रोग मग सिगारेट" हा बाण त्यात टिकत नाही. तर मी उडवून लावत नाहीये, मी म्हणतेय बाण कुठल्या दिशेला आहे ते ठिपके सांगत नाहीत, ते दुसरीकडून काढावं लागतं. आपल्या पोराच्या कॅलेंडरवरची पेन्सिलची खाडाखोड ही तशीच गोष्ट आहे, लहान आहे एवढंच.

रोखठोक_परभणी

बरं. "म्हणतेय" वाचलं आत्ता, मी आतापर्यंत दादा समजत होतो. ताई, मग सांगा पेंडीनं दूध वाढतं की नाही वाढतं? एका वाक्यात.

मांजराकाठ

एका वाक्यात नाही होत. पेंड निम्मी करा, आठवड्यात दूध उतरलेलं दिसेल, म्हणजे परिणाम आहेच. पण नियमानं भागलेल्या गाईला वर एक किलो दिली तर २.४ लिटर येईल असं मला अजिबात वाटत नाही. किती येईल हे त्यांच्याच गोठ्यात करून बघावं लागेल.

डॉक_नांदेड

पशुवैद्यक आहे, एक कळकळीचं सांगतो, एकदम दीड किलो वाढवू नका. खुराक अचानक वाढला की पोटात आम्ल वाढतं, गाय रवंथ कमी करते, शेण पातळ पडतं, फॅट उतरतं, आणि पुढं लंगडायला लागते. कडबा-मुरघास पोटभर असेल तर अर्धा किलो वाढवा, तीन-चार दिवस थांबा, शेण बघा, मग अजून अर्धा. पोटातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या आठवड्याचं दूध हिशोबात धरू नका.

दुसरं म्हणजे कोणती गाय कधी व्यालीय ते लिहा. व्याल्यावर दीड-दोन महिन्यांत दूध शिखराला जातं आणि मग उतरतच जातं, तुम्ही काहीही घाला. पहिल्या दोन महिन्यांत गाय खाते त्यापेक्षा जास्त दुधात घालवते, अंगावरचं मांस उतरतं, तिथं जादा पेंड लागू पडू शकते. सात महिन्यांच्या गाभण गाईला घातली तर ती नुसती अंगाला लागते.

एक्सेलवाला_भाऊ

म्हणजे महिनाभर सगळ्यांना वाढवून आधी आणि नंतरचं दूध बघायचं. सोपं आहे.

मांजराकाठ

तिथंच फसाल. डॉक्टर आत्ता म्हणाले ना की बहुतेक गाईंचं दूध महिनाभरात आपोआप उतरतं. सगळ्यांना वाढवली आणि दूध उतरलं तर म्हणणार पेंड वाया गेली, आणि त्याच महिन्यात हिरवा चारा आला आणि दूध चढलं तर म्हणणार पेंडीनं चढलं. त्याच गोठ्यात, त्याच दिवसांत, न वाढवलेल्या गाई पाहिजेत.

पोरा, असं कर. आठ गाई घे, व्याल्याची तारीख आणि दूध जवळजवळ असलेल्या दोन-दोनच्या चार जोड्या लाव. प्रत्येक जोडीत जादा एक किलो कुणाला हे नाणं उडवून ठरव. बाबांना ठरवू देऊ नको आणि तू पण ठरवू नको, नाहीतर नकळत चांगल्या गाईलाच देणार आणि फिरून तिथंच. तीन आठवडे चालव, पहिला सोडून दे, उरलेल्या दोन आठवड्यांचं दूध धर. मग जोडीत अदलाबदल, परत तीन आठवडे. आणि एक गोष्ट बाबांना पटवून सांग, या दिवसांत दूध उतरलं म्हणून डबडी कमी करायची नाहीत. ज्या क्षणी ते दूध बघून डबडं बदलतील त्या क्षणी जुनाच ग्राफ परत तयार व्हायला लागेल.

बीडचा_गोठेवाला

एवढं करण्यापेक्षा मिनरल मिक्चर चालू करा, आमच्या चार गाईंनी दोन-दोन लिटर वाढवलं.

डॉक_नांदेड

दादा, कधी चालू केलंत? व्याल्यावर किती दिवसांनी?

बीडचा_गोठेवाला

व्याली की लगेच, पंधरा दिवसात फरक दिसला.

डॉक_नांदेड

पंधरा दिवसात मिक्चर न देता पण चढलं असतं दादा, ती चढायचीच वेळ असते. मिक्चर द्या, वाईट नाही, पण त्या दोन लिटरचं श्रेय त्याला देऊ नका.

उदगीरचा_पोरगा

(साधारण सात आठवड्यांनी)

मंडळी धागा वर आणतोय, केलं सगळं. आधी पहिली फेरी. प्रत्येक जोडीत मी एवढंच काढलं की जादा पेंडवालीच्या दुधात किती बदल झाला आणि तिच्या जोडीदारणीच्या दुधात किती, आणि त्या दोन्हीतला फरक. चार जोड्यांचा फरक आला ०.२, ०.१, ०.३ आणि १.० लिटर. सरासरी ०.४.

आता गंमत बगा, नुसतं आधी-नंतर बघितलं असतं तर जादा पेंड खाणाऱ्यांचं दूध पण सरासरी पाव लिटरच्या आसपास उतरलंच होतं. न खाणाऱ्यांचं जास्त उतरलं, म्हणून हा ०.४ दिसला. जोडी नसती तर मी म्हणलो असतो पेंडीनं दूध कमी झालं.

०.४ लिटर म्हणजे १३-१४ रुपये, पेंड ३२ ची. म्हणजे दिवसाला ७४४ कमवायला निघालो होतो तिथं प्रत्येक जादा किलोमागं १८ रुपये घालवले असते. चौथी जोडी वेगळी निघाली, ती दोघी महिन्याच्या आत व्यालेल्या, तिथं १ लिटर म्हणजे ३४ रुपये, खर्च जेमतेम निघाला.

दुसऱ्या फेरीत घोटाळा झाला. तिसऱ्या जोडीतली चांदी, जिचा जादा किलो आता बंद झाला होता, तिला बाबा रोज दोन डबडी गुपचूप घालत होते. मला नवव्या दिवशी कळलं. विचारलं तर म्हनले "शेजारणीच्या गव्हाणीकडं बघून हंबरायली होती, मला बघवंना." काय बोलणार. ती जोडी सोडून दिली. उरलेल्या तीन जोड्यांत फरक ०.१, ०.३, ०.८ आला, त्यात परत शेवटचा ताज्या व्यालेल्यांचाच.

एक्सेलवाला_भाऊ

म्हणजे पेंडीचा फायदा नाही हे सिद्ध झालं.

मांजराकाठ

नाही हो. नियमाच्या वर दिलेल्या एका किलोचा फायदा या गोठ्यात, या चाऱ्यावर, उतरत्या दुधाच्या गाईंना थोडासाच दिसतोय, एवढंच. जोड्या चारच आहेत, ०.४ ऐवजी खरा आकडा ०.१ असेल किंवा ०.७ पण असेल, पण २.४ च्या जवळपास कुठं नाही हे मात्र नक्की. आणि पेंड कमी केली तर किती उतरेल हे तपासलंच नाही, ते कदाचित जास्त महत्त्वाचं आहे, कारण बाबांचा नियम जुना आहे आणि मुरघास चांगला असेल तर काही गाईंना दीड किलो "सोताची" लागतही नसेल.

बाकी चांदीला डबडी घातली हे तुला कळलं तरी. आमच्याकडं तर वाफ्याला पाणी देणारा माणूस सुकलेल्या रोपाला गपचूप जास्त पाणी सोडायचा, ते हंगाम संपल्यावर कळायचं.

डॉक_नांदेड

फॅटचं काय? दूध कमी वाढलं पण फॅट वाढलं असेल तर दर बदलतो.

उदगीरचा_पोरगा

तिथं चुकलो सर, डेअरीवर सगळ्यांचा एकच कॅन जातो, एकेकीचं फॅट लावलंच नाही. आणि जादा पेंड खाणाऱ्या अंगानं भरल्या का तेपण नुसतं डोळ्यानं बघितलं, मला भरल्यासारख्या वाटतात, बाबांना नाही वाटत.

डॉक_नांदेड

मग पुढच्या वेळी छातीला टेप लावून घेर मोजा, फेरीच्या आधी आणि नंतर. दोघांच्या डोळ्यावर जाऊ नका.

रोखठोक_परभणी

मी पहिल्याच दिवशी "उद्यापासून वाढव" लिहिलं होतं ते तसंच ठेवतोय, खोडत नाही. बाबा काय म्हनले शेवटी?

उदगीरचा_पोरगा

काही नाही. नव्या व्यालेल्या दोघींना दोन-दोन डबडी वाढवली त्यांनी, मला न सांगता. मी कॅलेंडरवर बघितलं, या वेळी डबडीपण लिहायलेत.